‘अभिसरण झाले’ म्हणजे नेमके काय झाले? एका टाकीच्या एफईए अहवालाचे मराठीकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याला गरम कंडेन्सेट साठवायला आडवी टाकी हवी होती. व्यास २ मीटर, सरळ भागाची लांबी ६ मीटर, पत्रा ८ मिमी, पोलाद आयएस २०६२ ई२५० प्रतीचे. टाकी दोन सॅडलवर, म्हणजे खालून आधार देणाऱ्या पोलादी बैठकांवर, बसणार होती आणि सॅडलमधले अंतर ४ मीटर होते. पाण्यासह वजन साधारण २४ टन, म्हणजे एका सॅडलवर १२ टन. पाण्याचे तापमान जास्तीत जास्त ९५ अंश. टाकी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये बनणार होती आणि तिचे फिनाइट एलिमेंट विश्लेषण, म्हणजे संगणकावर ताणाचा हिशेब काढणारे एफईए, बाहेरगावच्या सल्लागाराने केले होते.

सल्लागाराचा ४६ पानी अहवाल इंग्रजीत होता. डिझाइन रिव्ह्यूला सात जण बसणार होते: कारखान्याचे चीफ इंजिनिअर, दोन संचालक, खरेदी विभागाचे एक जण, वर्कशॉपचे मालक, फोरमन आणि टाकी जागेवर बसवणारा फिटर. यातल्या चौघांना इंग्रजी अहवाल वाचून त्यावर प्रश्न विचारणे जमण्यासारखे नव्हते, आणि इतिवृत्तावर सह्या मात्र सातही जणांच्या लागणार होत्या. इतिवृत्त मराठीत लिहायची कारखान्याची पद्धत आहे. म्हणून अहवालातली १२ पाने (गृहीतके, मॉडेल, निकाल आणि निष्कर्ष) मराठीत आणायचे ठरले. काम यांत्रिकी पदविका असलेल्या आणि तांत्रिक भाषांतराची सवय असलेल्या एका व्यक्तीला दिले गेले. हातात वेळ चार दिवसांचा होता, कारण गळीत हंगामाआधी टाकी पायावर बसायला हवी होती.

अडचण

पहिला मसुदा कोशाबरहुकूम होता. मेशला ‘जाळी’, बाउंडरी कंडिशनला ‘सीमा अट’, कन्व्हर्जन्सला ‘अभिसरण’, स्ट्रेसला ‘प्रतिबल’. कोशात शोधले तर या शब्दांत चूक काढता येणार नाही. बैठकीत मात्र पहिल्या तासाभरात तीन ठिकाणी गाडी रुतली.

पहिली अडचण जाळीची. मसुद्यात लिहिले होते, ‘टाकीस २० मिमी जाळी वापरली आहे.’ त्याच टाकीच्या नोझलच्या यादीत, ड्रेनच्या तोंडाशी, ३ मिमीची खरीखुरी जाळी होती. खरेदी विभागाने दोन्ही जाळ्या एकाच यादीत धरल्या आणि विचारले, ‘२० मिमीची जाळी जीआयची घ्यायची की स्टेनलेसची?’ हसे झाले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. मराठी वाक्य वाचून दुसरा अर्थ निघतच नाही.

दुसरी अडचण सीमा अटीची. संचालक मंडळींच्या रोजच्या वाचनात ‘अटी’ येतात त्या ‘अटी व शर्ती’ म्हणून. ‘मॉडेलवरील सीमा अटी’ हे शीर्षक पाहून एका संचालकांनी ते पान व्यवहाराचे समजून बाजूला ठेवले. संपूर्ण अहवालात बांधकामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पान हेच होते.

तिसरी अडचण अभिसरणाची. मराठी माणसाला हा शब्द शाळेपासून माहीत असतो तो रक्ताभिसरणातला, म्हणजे फिरत राहणे. गणितातला अर्थ त्याच्या जवळजवळ उलटा आहे: आकडा एका जागी येऊन थांबणे. गरम पाण्याच्या टाकीच्या अहवालात ‘अभिसरण समाधानकारक’ असे वाचल्यावर फोरमनने विचारले की पाणी फिरवायला पंप कुठे दाखवला आहे. टाकी पाण्याची असल्यामुळे हा घोटाळा होणारच होता. पुलाच्या अहवालात कदाचित झाला नसता.

चौथी गोष्ट त्याच बैठकीत, पण गंमत म्हणून नव्हे, बाहेर आली. सीमा अटींच्या पानावर एक वाक्य होते: ‘दोन्ही सॅडलच्या तळाशी स्थिर सीमा अट, त्यापैकी एकास अक्षीय मुक्तता.’ वर्कशॉपने बसवणीची जी पद्धत लिहून आणली होती तिच्यात होते: ‘दोन्ही सॅडलचे आठही बोल्ट पूर्ण आवळणे.’ फिटरने दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले, ‘साहेब, आठही आवळायचे तर मग एका सॅडलला ही लांबट भोकं कशाला पाडलीत?’

बैठक तिथेच थांबवली गेली.

फिटरच्या प्रश्नात काय दडले होते

इथे थोडे गणित पाहावे लागेल, कारण पुढचे निर्णय त्यावरच झाले.

पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढते. टाकी ३० अंशाला बसवली आणि ९५ अंशाला चालवली तर फरक ६५ अंशांचा. दोन सॅडलमधली ४ मीटर लांबी त्यामुळे साधारण ३.१ मिमी वाढते. म्हणून एक सॅडल फिक्स ठेवतात आणि दुसरे सरकते. सरकत्या सॅडलच्या बेसप्लेटला गोल भोकांऐवजी लांबट भोके असतात. या टाकीत ती २२ बाय ४० मिमी होती, बोल्ट २० मिमीचे.

आठही बोल्ट आवळले तर ही वाढ अडते. पत्रा पूर्णपणे अडवला गेला असे धरले तर त्यात सुमारे १५६ मेगापास्कल ताण येतो आणि त्या पत्र्याच्या संपूर्ण छेदावर हिशेब केला तर बळ ७०० टनांच्या वर जाते. अर्थात तेवढे बळ प्रत्यक्षात कधीच येत नाही. त्याच्या कितीतरी आधी बोल्ट वाकतात, सॅडलची उभी प्लेट झुकते किंवा पायाच्या काँक्रीटचा काठ फुटतो. पण कशाचे तरी नुकसान होते, आणि विश्लेषणात यातले काहीच दिसत नाही, कारण विश्लेषणात ते सॅडल सरकते धरलेले असते. अहवाल एका टाकीचा आणि बसवलेली टाकी दुसरीच, अशी गत.

म्हणजे ‘अक्षीय मुक्तता’ या दोन शब्दांत फिटरला द्यायची सूचना होती, आणि भाषांतराने ती सूचना जिथे कुणी पाहणार नाही अशा जागी ठेवली होती. शब्द बरोबर होते. ‘स्थिर’ हा शब्द आधी आला, ठसठशीत होता, आणि वाचणाऱ्याने तोच घेतला.

पर्याय

पुढची बैठक पाच दिवसांनी ठरली. मधल्या काळात तीन वाटा चर्चेत होत्या.

पहिली वाट भाषांतर बाजूला ठेवून चीफ इंजिनिअरनी इंग्रजी अहवाल तोंडी समजावण्याची. वेळ सर्वांत कमी लागला असता. पण तोंडी सांगितलेले इतिवृत्तात कसे लिहायचे हा प्रश्न उरतोच, आणि बसवणीच्या दिवशी फिटरच्या हातात कागद नसतो.

दुसरी वाट कोशातले शब्द ठेवून शेवटी अर्थांची यादी जोडण्याची. सरकारी कागदपत्रांत ही पद्धत चालते. इथे तिचा दोष असा की वाचणारा शब्द ओळखीचा वाटला की यादी उघडून पाहत नाही. ‘प्रतिबल’ अनोळखी आहे, त्याचा अर्थ माणूस शोधेल. ‘जाळी’, ‘अट’ आणि ‘अभिसरण’ यांचा अर्थ कुणीच शोधणार नाही, कारण तो आपल्याला माहीत आहे असे प्रत्येकाला वाटते. घोटाळा करणारे तिन्ही शब्द ओळखीचेच होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरी वाट इंग्रजी शब्द देवनागरीत तसेच ठेवण्याची: मेश, बाउंडरी कंडिशन, कन्व्हर्जन्स. वर्कशॉपचा कल याकडे होता. तिथल्या वेल्डरांपैकी काहींची घरची भाषा तेलुगू आहे, काहींची कन्नड. सोलापुरात हे नेहमीचेच. त्यांना ‘प्रतिबल’पेक्षा ‘स्ट्रेस’ जवळचा. पण इथेही एक खाच होती. साखर कारखान्यात ‘मेश’ म्हणजे चाळणीचे माप, साखरेचा दाणा त्यावर मोजतात. म्हणजे जाळीची चाळणी झाली, एवढाच फरक.

शेवटी एक नियम न करता प्रत्येक शब्दाचा निवाडा वेगळा करायचे ठरले. कसोटी अशी ठेवली: हे वाक्य वाचून या खोलीतला कोणता माणूस काय करेल? जो काहीच करणार नाही त्याच्यासाठी शब्द कोणताही चालेल. ज्याच्या हातात पाना आहे किंवा सहीचे पेन आहे, त्याच्यासाठी वाक्यच बदलायचे.

काय केले: मेश

मेश हा शब्द एकदाच, पहिल्या पानावर, अर्थासह आला: ‘ताण काढण्यासाठी संगणकात टाकीचे चित्र लहान चौकोनी तुकड्यांत पाडतात. या तुकडे पाडण्याला मेश म्हणतात. प्रत्यक्ष टाकीत असे काही नसते.’ पुढे सगळीकडे ‘गणिताचे तुकडे’ आणि ‘तुकड्याची बाजू २० मिमी’ असे लिहिले. एलिमेंटला कोशात ‘घटक’ आहे, पण वर्कशॉपमध्ये घटक म्हणजे सुटा भाग, म्हणून तोही टाळला.

तरीही कच्च्या इतिवृत्तात टंकलेखकाने ‘मेष २० मिमी’ असे टाइप केलेच. राशीभविष्य बरे नसावे. ‘तुकड्याची बाजू’ हा शब्द मात्र कुठेही बिघडला नाही, कारण तो कुणाला नवा नव्हता.

काय केले: सीमा अट

हा शब्द पूर्णपणे काढून टाकला. त्याच्या जागी ‘टाकी कुठे आणि कोणत्या दिशेला अडवली आहे’ असे शीर्षक आणि एक छोटा तक्ता आला. ‘अक्षीय’ऐवजी ‘टाकीच्या लांबीच्या दिशेने’. सॅडलची ओळख डावे-उजवे अशी न देता ‘मॅनहोलकडचे’ आणि ‘ड्रेनकडचे’ अशी दिली, कारण टाकीच्या कोणत्या बाजूला उभे राहून बघता यावर डावे-उजवे बदलते.

| सॅडल | लांबीच्या दिशेने | आडव्या दिशेने | उभ्या दिशेने | हे प्रत्यक्षात कशाने होते |
|---|---|---|---|---|
| मॅनहोलकडचे | अडवले | अडवले | अडवले | गोल भोके, चारही बोल्ट पूर्ण आवळलेले |
| ड्रेनकडचे | मोकळे | अडवले | अडवले | लांबट भोके, खाली ग्रीस लावलेली सरकपट्टी, नट टेकवून अर्धा फेरा मागे, वर लॉकनट |

शेवटचा स्तंभ मूळ अहवालात नव्हता. तो भरण्यासाठी भाषांतरकाराला सल्लागाराला फोन करावा लागला, आणि इथे खरा प्रश्न उभा राहिला: अहवालात नसलेला मजकूर भाषांतरकाराने घालावा का? ठरले असे की भाषांतरकाराने लिहायचे, सल्लागाराने ईमेलवर मान्य करायचे आणि तक्त्याखाली ‘सल्लागाराच्या मान्यतेने जोडलेला स्तंभ’ अशी ओळ टाकायची. स्वतःच्या समजुतीने भरून मोकळे होणे सोपे होते. पण एखादी चूक झाली असती तर ती अहवालाची की भाषांतराची, हे नंतर कुणालाच सांगता आले नसते.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट कळली. मॉडेलमध्ये ड्रेनकडचे सॅडल घर्षणाशिवाय सरकते असे धरले होते. प्रत्यक्षात पोलादावर पोलाद घासते. घर्षणांक ०.३ धरला तर १२ टन भाराखाली सुमारे ३.६ टन बळ लागल्याशिवाय सॅडल हलणारच नाही. सल्लागाराने हे बळ फिक्स सॅडलच्या बोल्टवर आणि पायावर धरून वेगळे तपासले आणि ते पेलत असल्याचे कळवले. ‘मोकळे’ या शब्दाखाली मग एक तळटीप आली: ‘पूर्ण मोकळे नाही. ग्रीस वाळली किंवा सरकपट्टीवर वेल्डिंगचे थेंब राहिले तर सॅडल अडेल.’ फिटरच्या दृष्टीने ही तळटीप तक्त्याइतकीच कामाची ठरली.

काय केले: कन्व्हर्जन्स

सर्वांत जास्त वेळ या शब्दाने घेतला, आणि डिझाइनमध्ये बदल झाला तोही याच शब्दामुळे.

मूळ अहवालात हा शब्द दोन पानांवर होता. भाषांतरकाराने दोन्हीकडे ‘अभिसरण’ लिहिले होते. साध्या मराठीत उतरवायला बसल्यावर प्रश्न पडला की थांबले ते नेमके काय? दोन पानांवर दोन वेगळ्या गोष्टी थांबल्या होत्या.

पहिल्या पानावरचे कन्व्हर्जन्स सॉफ्टवेअरचे. सॅडल आणि सरकपट्टी एकमेकांना टेकतात, सुटतात, म्हणून संगणक उत्तर एका दमात काढू शकत नाही. तो अंदाज घेतो, बळांचा मेळ बसतो का पाहतो, नाही बसला तर अंदाज सुधारतो. मेळात राहिलेली तफावत ठरवलेल्या मर्यादेखाली गेली की तो थांबतो. याला ‘संगणकाचे गणित सुटले’ असे लिहिले. हे झाले म्हणजे दिलेल्या तुकड्यांसाठी उत्तर मिळाले. ते तुकडे पुरेसे बारीक होते की नाही, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

दुसऱ्या पानावरचे कन्व्हर्जन्स तुकड्यांचे. तुकडे बारीक करत गेलो तर ताणाचा आकडा बदलत बदलत एका ठिकाणी येऊन थांबतो का, ही तपासणी. याला ‘तुकडे बारीक करूनही आकडा स्थिरावला’ असे लिहायचे ठरले. आता वाक्य पूर्ण करायचे तर सांगावे लागते की कोणत्या जागचा आकडा. ‘अभिसरण समाधानकारक’ या शब्दांत जागा सांगावी लागत नव्हती. मराठी वाक्यात ती सांगितल्याशिवाय वाक्य उभेच राहीना.

मूळ अहवालात शोधले. तपासणी टाकीच्या तळाशी, दोन सॅडलच्या मधोमध केली होती. तुकड्याची बाजू ४० मिमी असताना ३४ मेगापास्कल, २० मिमीला ३६ आणि १० मिमीलाही ३६. आकडा उत्तम स्थिरावला होता. पण निष्कर्षात दिलेला सर्वांत मोठा ताण १२८ मेगापास्कल होता, आणि तो त्या जागचा नव्हता. तो सॅडलच्या शिंगाजवळचा होता, म्हणजे सॅडलची वक्र प्लेट वर जाऊन टाकीच्या पत्र्यावर जिथे संपते त्या टोकाचा. त्या टोकाची तपासणीच झाली नव्हती. १२८ हा आकडा फक्त २० मिमीच्या तुकड्यांवर काढलेला होता आणि १६६ च्या मर्यादेखाली (यील्ड २५०, भागिले १.५) आहे म्हणून ‘सुरक्षित’ ठरला होता.

भाषांतरकाराने हे सल्लागाराला कळवले, तेही प्रश्न म्हणून: ‘शिंगाजवळचा आकडा तुकडे बारीक केल्यावर किती येतो?’ दोन दिवसांनी उत्तर आले. १० मिमीला १७१, ५ मिमीला २२९. आणखी अर्धे केले तर ३०० च्या वर.

आकडा स्थिरावत नव्हता, आणि तो कधी स्थिरावणारही नव्हता. मॉडेलमध्ये सॅडलची प्लेट पत्र्यावर टोकदार कोपऱ्यात संपत होती. अशा कोपऱ्यात गणिताने ताण अनंताकडे जातो. तुकडा जितका बारीक तितके आपण कोपऱ्याच्या जवळ जातो आणि आकडा वाढत राहतो. प्रत्यक्षात वेल्डचा उतार असतो, पोलाद थोडे नमते, त्यामुळे अनंत ताण वगैरे काही होत नाही. पण याचा अर्थ १२८ हाही खरा ताण नव्हता आणि २२९ हाही नव्हता. दोन्ही आकडे टाकीपेक्षा तुकड्याच्या मापाबद्दल जास्त सांगत होते.

इथे निर्णयाचे दोन भाग होते. एक, ताण कुठे वाचायचा. सल्लागाराने टोकापासून पत्र्याच्या एका जाडीएवढ्या, म्हणजे ८ मिमी अंतरावर वाचायचे ठरवले. तिथे १० मिमीच्या तुकड्यांना १३३, ५ मिमीला १४० आणि २.५ मिमीला १४२ आले. हा आकडा थांबतो आहे आणि १६६ च्या खाली आहे. भार मुख्यतः स्थिर आहे आणि टाकी दिवसातून अनेकदा गरम-गार होत नाही, म्हणून एवढे पुरते. थकव्याचा प्रश्न असता तर वेल्डच्या टोकाचा ताण काढण्याची ठरलेली वेगळी पद्धत लावावी लागली असती.

दोन, १४२ वर समाधान मानायचे का. शिंगापाशीच ताण जास्त असतो ही गोष्ट नवी नाही. झिक यांच्या १९५१ च्या हातगणनेच्या पद्धतीतही तीच जागा नाजूक निघते. वर्कशॉपच्या मालकांनीच सुचवले की सॅडल आणि टाकी यांच्यामध्ये १० मिमीचे पॅड टाकू. पॅड शिंगाच्या पुढे दोन्ही बाजूंना १०० मिमी, कोपरे गोल, आणि पॅडखालची हवा वेल्डिंगच्या उष्णतेने अडकून राहू नये म्हणून ६ मिमीचे एक भोक. दोन पॅडचे मिळून सुमारे १४५ किलो पोलाद वाढले. नव्या मॉडेलमध्ये पॅडच्या काठापासून एक जाडी दूर ९६ मेगापास्कल आले आणि तुकडे निम्मे करूनही ते ९७ च्या पुढे गेले नाहीत.

मराठी अहवालातले वाक्य शेवटी असे झाले: ‘पॅडच्या काठापासून ८ मिमी अंतरावर ताण ९६ मेगापास्कल. गणिताचे तुकडे ५ मिमीवरून २.५ मिमी केले तरी हा आकडा १ मेगापास्कलपेक्षा जास्त बदलला नाही. अगदी टोकाचा आकडा वाचू नये, तो तुकड्याच्या मापानुसार बदलतो.’ ‘अभिसरण समाधानकारक’पेक्षा हे बरेच लांब आहे. पण यावर सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो ते कळते.

लहान गोष्टी, पटकन

स्ट्रेससाठी ‘ताण’ ठेवला. ‘प्रतिबल’ शास्त्रशुद्ध आहे, पण खोलीत कुणी उच्चारला नाही. ‘ताण’ म्हणताच ओढ आठवते, म्हणून जिथे पत्रा दाबला जातो तिथे ‘दाबाचा ताण’ असे स्पष्ट लिहिले. आकडे मेगापास्कलमध्ये ठेवले आणि पहिल्या पानावर एकदाच लिहिले की १ मेगापास्कल म्हणजे सुमारे १०.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. जुने फिटर अजून किलोतच बोलतात.

रंगीत चित्रांखाली मूळ अहवालात बारीक अक्षरांत ‘स्केल ६०’ होते. चित्रात टाकी केळ्यासारखी वाकलेली दिसत होती आणि दुसऱ्या संचालकांनी ती पाहून काळजीने विचारलेही होते. मराठीत प्रत्येक चित्राखाली ठळक ओळ आली: ‘वाक दिसावा म्हणून ६० पट वाढवून दाखवला आहे.’

निष्पत्ती

दुसरी बैठक दीड तासात संपली. वर्कशॉपने बसवणीच्या पद्धतीतली ‘आठही बोल्ट’ ही ओळ बदलली आणि अडवण्याचा तक्ता जसाच्या तसा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छापला. खरेदी विभागाच्या यादीतून २० मिमीची जाळी निघाली. पॅडसह ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती मंजूर झाली. फेरगणनेमुळे आणि पॅडमुळे काम नऊ दिवस लांबले. हंगामाच्या आत बसले, पण फार अंतर राहिले नव्हते.

टाकी पहिल्यांदा गरम करताना फिटरने ड्रेनकडच्या बेसप्लेटच्या काठाशी सरकपट्टीवर खडूऐवजी पत्रा कोरायच्या सुईने रेघ मारली. त्या दिवशी सकाळी पत्रा ३४ अंश होता, पाणी ९० ला पोहोचले. हिशेबाने २.७ मिमी सरकायला हवे होते. स्टीलच्या पट्टीने मोजले तर अडीचच्या आसपास भरले. पट्टीने अर्ध्या मिलिमीटरचा फरक पकडता येत नाही, तेव्हा यातून गणित बरोबर होते असे म्हणण्यापेक्षा सॅडल सरकते आहे एवढेच म्हणावे.

वेगळे काय करता आले असते

भाषांतर सुरू करण्याआधी फोरमन, फिटर आणि भाषांतरकार यांनी सॅडलचे ड्रॉइंग समोर ठेवून अर्धा तास बसायला हवे होते. लांबट भोकांचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला असता आणि एक बैठक वाचली असती.

अडवण्याचा तक्ता मुळात सल्लागाराच्या अहवालातच, कोणत्याही भाषेत, असायला हवा. ‘फिक्स्ड’ आणि ‘फ्री’ लिहिणे मॉडेल करणाऱ्याला पुरते. बांधणाऱ्याला ते कशाने साध्य होते हे लागते. पुढच्या कामाच्या मागणीपत्रात कारखान्याने हा स्तंभ मागून घेतला. त्याबरोबर आणखी एक ओळ: निष्कर्षात जो सर्वांत मोठा ताण दिला जाईल, तुकडे बारीक करून पाहण्याची तपासणी त्याच जागी केलेली असावी.

भाषांतरकाराच्या बाजूने एक चूक राहिली. दोन पानांवरचा एकच इंग्रजी शब्द दोन अर्थांनी आला आहे हे पहिल्या मसुद्यातच दिसायला हवे होते. एका शब्दाला सगळीकडे एकच प्रतिशब्द ठेवायची शिस्त करारनाम्याच्या भाषांतरात कामाची असते. इथे तीच शिस्त आड आली. दुसऱ्या मसुद्याच्या वेळी त्यांनी ‘कन्व्हर्जन्स’ असलेली सगळी वाक्ये एका कागदावर उतरवून प्रत्येकासमोर ‘काय थांबले, कुठे थांबले’ असे दोन रकाने आखले. निष्कर्षाच्या वाक्यासमोरचा दुसरा रकाना रिकामा राहिला, आणि सल्लागाराला प्रश्न गेला तो त्या रिकाम्या रकान्यामुळे.

एक गोष्ट अजून अनिर्णित आहे. ‘गणिताचे तुकडे’ हा शब्द या सात जणांत चालला, पण कारखान्याच्या पुढच्या अहवालाचे भाषांतर दुसऱ्या कुणी केले तर तो पुन्हा ‘जाळी’च लिहिण्याची शक्यता आहे. वापरलेल्या २३ शब्दांची यादी चीफ इंजिनिअरच्या फायलीत आहे. वर्कशॉपने तिची एक प्रत मागितली आहे, आणि फोरमनने त्यातल्या सहा शब्दांसमोर पेन्सिलने तेलुगूत खुणा केल्या आहेत.